तीन, मग शून्य का नाही?

उषाबाई मस्तगड भागातून चालत यायच्या. जालन्यात स्टेशनजवळ आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. वर्षानुवर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई, पण आवाज कधी चढला नाही. मी तिथला जुना कार्यकर्ता, तोंडाचा फटकळ. "दारुड्याला काय विचारता? दम द्या!" म्हणायचो. त्या हसून म्हणायच्या, "रामराव, दम देऊन तुमची तंबाखू सुटली का?"

माझी पद्धत शपथेची होती. धावडा गावचा कचरू पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला, नंदाला, समोर उभी केली. तिच्या डोक्यावर त्याचा हात ठेवला आणि वदवून घेतलं, "पिलो तर हिचं वाईट होवो." पोरगी भेदरली होती. मला मात्र मोठं काम केल्यासारखं वाटलं.

कचरू वर्षभर फिरकला नाही. २००४ च्या उन्हाळ्यात बायको साळूबाईनं त्याला आणलं. मी तोंड उघडणार, तोच उषाबाईंनी हातानं थांबवलं.

"कचरू, दारूबद्दल थोडं बोललं तर चालेल का?"

त्यानं मान हलवली.

"सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग."

"तीन."

"तीनच?" माझ्या तोंडून निघून गेलंच. उषाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तीन म्हणालास. मग शून्य का नाही?"

 

"नंदाला ताप आल्ता बाई. दवाखान्यात न्यायचं व्हतं. माझे पाय बराबर पडंनात. शेजाऱ्यानं उचलून नेली."

"तुला स्वतः न्यायचं होतं."

"मंग! बाप मी हाये ना? त्याच्या आदल्या दिशी शपथ मोडल्ती. ताप मीच आणला, असं वाटलं. मंग ज्यादाच प्यालो. हितं यायचं तोंडच न्हाई राह्यलं."

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं, रागही केला नव्हता. तरी मला खुर्चीत बसवेना. त्याला दारूपाशी परत मीच ढकललं होतं.

"आता तुला काय करावंसं वाटतं?" उषाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरला भेटतो. एकदम सोडली की हात लई कापतात. पण शपथ न्हाई घेणार."

"नको घेऊस," त्या म्हणाल्या.

औषध सुरू झालं. पोळ्याला तो एकदा पिऊन घसरला, पण तिसऱ्या दिवशी आपणहून आला. उषाबाईंनी एवढंच विचारलं, "परत यावंसं कशामुळं वाटलं?"

दिवाळीनंतर तो नंदाला घेऊन आला. तिला खोकला होता, आणि दवाखान्यात या वेळी त्यानं स्वतः नेलं होतं. सांगताना गडी खुलला होता. मलाही भरून आलं. पोरीला कुरवाळावं म्हणून मी तिच्या डोक्याकडे हात नेला.

नंदानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि ती बापामागे लपली.