थोरल्याचं डोकं, धाकट्याचं नाव

सिटी स्कॅनच्या खोलीतल्या टेक्निशियनला सगळं हॉस्पिटल फोटोकाका म्हणायचं. बावीस वर्षं नोकरी झालेली, आणि तोरा एकच: माझ्या हातून चूक झालेली दाखवा. कुणी त्या भानगडीत पडत नसे. काकांशी वाद घालायला कुणाकडे तासभर वेळ असतो हो?

स्कॅन वाचणारा डॉक्टर त्या छोट्या गावात नव्हताच. काकांनी काढलेले फोटो नेटवरून तीन तासांवरच्या शहरात जायचे आणि तिथले रेडिओलॉजिस्ट ते बघून रिपोर्ट पाठवायचे. त्यांचं तोंड इथे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे त्यांना ‘लांबचे डॉक्टर’ म्हणत. नुसता रिपोर्ट आला तर घाई नाही. त्यांचा फोन वाजला तर मात्र धावपळ.

त्या दुपारी मोटरसायकलवरून पडलेले दोन भाऊ आले. धाकटा ओकून ओकून बेजार, कपाळावर डावीकडे पट्टी. थोरला मात्र आईची समजूत घालत, नर्सची थट्टा करत बाकावर बसलेला. दोघांचेही डोक्याचे स्कॅन झाले. उलटीचं इंजेक्शन दिल्यावर धाकटा गपगार झोपला.

वीस मिनिटांत फोन आला. काकांनी उचलला.

“ड्युटीवरच्या डॉक्टरांनाच द्या,” लांबचे डॉक्टर म्हणाले. “निरोप चालणार नाही.”

डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, नियमच आहे तो: “धाकटा भाऊ. उजव्या कानाच्या वर हाड तडकलंय, त्यावर सूज. आत, हाड आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलंय. लगेच मेंदूच्या सर्जनकडे. वेळ दोन वाजून दहा.” तिकडून होकार आला. बाई ॲम्ब्युलन्सला फोन करायला पळाल्या.

सगळं कसं जुळत होतं. झोपलेला धाकटा, रक्तस्राव धाकट्याला. मग काकांना खटकत काय होतं? उजव्या कानाच्या वर सूज? पट्टी तर डावीकडे कपाळावर आहे. असेल बुवा, दोन ठिकाणी लागलं असेल. त्यांनी धाकट्याच्या केसांतून बोटं फिरवली. उजवीकडे काहीच नव्हतं. की आपल्यालाच कळत नाहीये? लांबच्या डॉक्टरांनी बाजू उलटी सांगितली? काका गोंधळले ते पुरतेच.

ते बाकापाशी गेले आणि थोरल्याच्या उजव्या कानाच्या वर हात ठेवला. केसांखाली मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी लागलं.

“हळू ना, काका. डोकं ठणकतंय थोडं,” थोरला हसत म्हणाला.

आणि मग आठवलं. मशीनवरच्या यादीत धाकट्याचं नाव वर होतं. तो ओकत होता म्हणून थोरल्याला आधी टेबलावर घेतलं. पण नाव? नाव बदललं होतं का? आठवेना. बदललं असणार. बावीस वर्षं बदलतोच की. नसेल तर? बाहेर ॲम्ब्युलन्स लागली, धाकट्याचं स्ट्रेचर हललं.

“थांबवा ते,” काका म्हणाले. “बाई, माझ्याकडून नावं उलटी गेली असतील.”

बाईंनी सरळ लांबच्या डॉक्टरांना फोन लावला. लांबचे डॉक्टर चिडले नाहीत, हे काकांना जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, “अंदाज नको. नाव विचारून, हातावरचा पट्टा बघून थोरल्याचा स्कॅन पुन्हा करा. मी इथेच बसलोय.”

दोन मिनिटांचं काम. काकांनी थोरल्याकडून नाव तीनदा वदवून घेतलं. फोटो गेले. फोन पुन्हा वाजला: रक्त थोरल्यालाच, आणि मघापेक्षा वाढलेलं. धाकट्याच्या नावावर गेलेला पहिला स्कॅन थोरल्याचाच होता, हाडातली चीर तीच. दुसरा, म्हणजे धाकट्याचा, स्वच्छ. बाईंनी पुन्हा सगळं म्हणून दाखवलं, वेळ लिहिली. चुकीचे दोन्ही रिपोर्ट मागे घेतले गेले.

“मला कशाला नेताय? झोपलाय तो बघा ना,” ॲम्ब्युलन्समध्ये आडवा होताना थोरला म्हणाला. “आई, त्याला एकटा सो...” वाक्य तोंडातच राहिलं आणि त्याचे डोळे मिटले.

संध्याकाळी शहरातून फोन आला. ऑपरेशन वेळेत झालं, पोरगं वाचलं. धाकट्यापाशी थांबलेली आई धावत आली आणि तिने काकांचे दोन्ही हात धरले.

“तुम्ही ओळखलंत म्हणून, हो. देवासारखे आलात.”

“ताई, अहो, चूक माझीच होती. नावं मीच उलटी घातली.”

तिला ते काही कळलं नाही. कळलं तरी तिने हात सोडले नसते. काका तसेच उभे राहिले, हात सोडवून घ्यावेत की राहू द्यावेत हे न कळून.