वडिलांचा प्रबंध

वडील जाऊन दोन महिने झाले होते. मी शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. निमोण्याच्या एका विद्यार्थिनीचा एमएचा लघुप्रबंध यंत्रानं लिहिला आहे, असं तपासणीच्या सॉफ्टवेअरनं ठरवलं. विभागप्रमुख सर तो नाकारायला निघाले.

"मॅडम, मी आधी वहीत लिवलंय, मग टाईप केलंय," ती म्हणाली. तिनं वह्या पुढं केल्या, पण सर म्हणाले, यंत्राचं लिहिलेलं वहीत उतरवताही येतं.

कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणार, याचा सहज अंदाज बांधता आला की सॉफ्टवेअरला तिथं यंत्र दिसतं. आमच्याकडे इंग्रजी पाठ केलेल्या वाक्यांतून येतं. चूक होऊ नये म्हणून आम्ही खात्रीचेच शब्द आणि सरळ वाक्यं लिहितो, आणि त्यांचा अंदाज सहज बांधता येतो.

मी दौंडला घरी गेले. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी टाईपरायटरवर केलेला प्रबंध कपाटातून काढला. त्यातली तीन पानं मी सर आणि त्या मुलीसमोर जशीच्या तशी टाईप करून सॉफ्टवेअरला दिली. निकाल आला: यंत्रानं लिहिलेलं.

सरांनी प्रबंध उचलून त्यावरचं वडिलांचं नाव वाचलं. "अहो, मी शाळेत यांच्याच हाताखाली इंग्रजी शिकलोय! आता माझाही प्रबंध टाका."

त्यांचाही यंत्राचाच निघाला.

"सर, म्हंजी आपण दोघंबी यंत्र की!" ती मुलगी म्हणाली.

सर खो खो हसले आणि त्यांनी तिच्या प्रबंधावर सही केली. दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच पोटभर हसले.