पी-एल म्हणजे लाहोर

माझे भावोजी, सूर्यकांत टिपणीस, संरक्षण खात्याच्या एका ऑफिसात अप्पर डिव्हिजन क्लार्क म्हणून चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या हाताखाली फायली उचलणारी माणसं पुढे साहेब झाली, हे मात्र होते तिथेच राहिले. माझी बहीण कुमुदताई याचा दोष कबुतरांना देते. मी देत नाही, पण तिच्यासमोर तसं बोलायची माझीही छाती नाही.

भावोजींना घाबरट म्हणणं म्हणजे कमीच झालं. बसमध्ये कंडक्टरने भलत्याच माणसाला दरडावलं तरी हे खिशातून आपलं तिकीट काढून हातात धरायचे. अशा माणसाने आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ कशी बांधली, हे कोडंच होतं. दिल्लीत कबुतरं उडवणारे खूप, पण हे शर्यतीची पाळायचे. पाच-सहा शौकिनांचा क्लब होता. करंड्या पानिपतला न्यायच्या, तिथे पक्षी सोडायचे आणि इकडे गच्चीवर आभाळाकडे डोळे लावून बसायचं. त्या वेळी मात्र भावोजी कुणालाच घाबरत नसत.

क्लबात दर्यागंजचे लईकमियां होते, पुस्तकांची बांधणी करणारे. आणि मारेक नावाचा एक पोलंडचा इंजिनिअर होता. फरिदाबादला ट्रॅक्टरच्या कारखान्यात आलेला. १९७१च्या उन्हाळ्यात तो मायदेशी परतला आणि जाताना बोटीने आणलेली आपली करडी मादी भावोजींना देऊन गेला. ती कायम कोंडूनच ठेवायची, फक्त पिल्लांसाठी. सोडली तर घराच्या ओढीने कुठेतरी भरकटून मरेल, असं भावोजी सांगायचे.

भावोजींनी मादी ठेवून घेतली, पण ऑफिसला कळवलं नाही. परदेशी माणसाशी ओळख असली तर लेखी कळवायचं, असा त्यांच्या खात्याचा नियम. कळवलं असतं तर चार प्रश्न आले असते, आणि प्रश्नांचंच तर त्यांना भय. म्हणून गप्प बसले.

डिसेंबरात युद्ध लागलं. खिडक्यांना खाकी कागद लागले, अंधार पाळायची सक्ती आली. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. नेमकं तेव्हाच, ढाबळ झाडताना, ती करडी मादी दारातून निसटली.

समोरच्या ब्लॉकातल्या गुणवंतरावांनी तिला पकडलं. हे आमच्या कॉलनीचे वॉर्डन, रात्री कुणाच्या खिडकीतून उजेड दिसतो का ते बघणारे. शिट्टी मिळाल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पक्ष्याच्या पायात रिंग, रिंगेवर इंग्रजी अक्षरं, पी आणि एल. पुढे आकडे.

"पी म्हणजे पाकिस्तान, एल म्हणजे लाहोर!" जिन्यात उभं राहून त्यांनी जाहीर केलं. "पुढे सगळा कोड आहे. अहो, बिल्कुल सरळ आहे!"

तासाभरात ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर आमच्या दारात. पिशवीतून त्या मादीचं डोकं बाहेर डोकावत होतं.

"आपका है?"

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. "जी नहीं," ते म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. 

"यहाँ और कौन कबूतरवाला आता है?"

भावोजींनी ओठ ओले केले. "लईक अहमद. दर्यागंज."

खोटं नव्हतं. मागच्याच रविवारी लईकमियां आमच्याकडे चहाला आले होते. पण त्या दिवसांत, त्या पिशवीसमोर, ते नाव घेण्याचा अर्थ काय होतो हे भावोजींनाही कळत होतं आणि इन्स्पेक्टरलाही. इन्स्पेक्टर हसला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लईकमियांचा शेजारी धापा टाकत आला. त्यांना काल संध्याकाळपासून ठाण्यात बसवून ठेवलंय, घरात रडारड चाललीय, एवढंच सांगून गेला.

भावोजी खुर्चीवर बसून राहिले.  मग एकाएकी, शाळेतल्या मुलीला समजवावं तसे मला सांगायला लागले. "वृंदा, ती रिंग पिल्लू आठवड्याचं असताना पायात सरकवतात. तिला सांधा नसतो. पाय वाढला की कापल्याशिवाय निघत नाही. म्हणजे पक्षी जिथे जन्मला तिथलीच ती. आधी त्या देशाच्या कबुतरवाल्यांच्या संघाची अक्षरं, मग वर्ष, मग स्थानिक शाखेचा आकडा, मग पक्ष्याचा स्वतःचा नंबर. पी-एल म्हणजे पोलंड, गं!"

"मग जाऊन सांगा ना!"

"सांगितलं की पुढचा प्रश्न येणार. पोलंडचा पक्षी तुला दिला कुणी?"

"नोकरी जाईल!" ताई आतून ओरडली. "आणि काल नाही म्हणालात, त्याचं काय? गप्प बसा. त्यांना सोडतील आपोआप."

मला ताईचा राग आला आणि तिचंच खरं व्हावं असंही वाटलं. मी तेव्हा त्यांच्याच घरी राहून कॉलेज करत होते. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, क्वार्टर गेलं की आम्ही सगळे रस्त्यावर.

भावोजी उठले. चप्पल घातली. "वृंदा, तू चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मी वाटेतून परत फिरलो तर मला फिरू देऊ नकोस."

दोनदा फिरले. दोन्ही वेळा मी त्यांची बाही धरली.

ठाण्यात भिंतीकडेच्या बाकावर लईकमियां बसले होते. टोपी हातात, डोळे सुजलेले. टेबलाखाली करंडीत ती मादी. आम्हाला पाहताच त्यांनी मान किंचित हलवली. नको, अशी.

"इन्हें जानते हो?" इन्स्पेक्टरने त्यांना विचारलं.

"जी नहीं," लईकमियां म्हणाले. "मैं इन साहब को नहीं जानता."

मला तेव्हा उलगडलं. ती मादी मारेकची, आता टिपणिसांच्या ढाबळीतली, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर कालच घरी गेले असते. ज्याने आपलं नाव घेतलं त्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

भावोजी टेबलापुढे गेले.  आवाज चिरका लागला.

"जानते हैं. और कबूतर मेरा है. कल मैंने झूठ बोला."

इन्स्पेक्टर सावकाश मागे टेकला. "अच्छा. तो लाहौर से मँगवाया?"

"साहब, यह शहर का नाम नहीं होता. मुल्क के संघ का होता है. पी-एल यानी पोलैंड. लईकमियां के एक नर पर जी-बी लिखा है. वह इंग्लैंड का है." आणि मग, देव जाणे कुठून बळ आलं, "आपके हिसाब से तो वह गाजियाबाद का हुआ."

कोपऱ्यातला हवालदार फसकन हसला. इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने करंडी टेबलावर घेतली, मादी बाहेर काढली आणि रिंग बोटाने फिरवून पाहिली. सांधा शोधला, मिळाला नाही. ७० हे वर्ष भावोजींनी दाखवलं, शाखेचा आकडा दाखवला. "इसी शाखा में पैदा हुई, साहब. तार भेजकर पूछ लीजिए, मालिक का नाम बता देंगे."

"नाम तो तुम ही बताओगे," इन्स्पेक्टर म्हणाला. "पोलैंड का कबूतर तुम्हें दिया किसने? और तुम काम कहाँ करते हो?"

तोच प्रश्न. मला वाटलं, आता हे कोसळणार. मी त्यांच्या मागे उभी होते, शर्ट पाठीला चिकटलेला दिसत होता. त्यांनी मारेकचं नाव सांगितलं. हवालदाराला लिहिता येईना म्हणून अक्षर अक्षर करून सांगितलं. मग आपल्या ऑफिसचं नाव सांगितलं, आणि ओळख कळवली नव्हती हेही, कुणी न विचारता.

इन्स्पेक्टरने फोन ओढून घेतला आणि लईकमियांकडे न बघताच म्हणाला, "तुम जाओ."

लईकमियां उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच भिंतीला टेकून थांबले. हवालदाराने भावोजींना बाकाकडे बोट दाखवलं, तसे ते जाऊन त्याच जागेवर बसले. हात मांड्यांखाली दाबून धरले, म्हणजे थरथर दिसू नये.

"वृंदा," ते म्हणाले, "ताईला सांग, जेवायला माझी वाट बघू नका."