उसना ढग

रत्नागिरी शहर व बंदर येथील तमाम रहिवाशांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या गावच्या आभाळात एकदा एका ढगाची अफरातफर झाली होती. अफरातफर करणारा इसम मोकाट राहिला, म्हातारा झाला, आणि आता हे लिहीत बसला आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी एका फोटो स्टुडिओत कामाला होतो आणि आमचा धंदाच मुळी थापांवर चालायचा. नवरदेवाच्या गालावरचे देवीचे व्रण मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवी. मागे दोरीवर लोंबणारं धोतर निगेटिव्हवर तांबडा रंग फासून छापातून गायब करी. शिवाय माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात ढगांच्या निगेटिव्ह असत. ज्याचं आभाळ कोरं निघे, त्याला एक ढग उसना!

त्या वर्षी गावातल्या हौशी फोटोवाल्यांनी स्पर्धा ठेवली. परीक्षक होते शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. त्यांनी नियम स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून लावले होते. पार्श्वभूमीत नको असलेलं कडेने छाटा, चालेल. छापताना एखादा भाग हाताच्या सावलीने उजळ ठेवा किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करा, चालेल. धुळीचे पांढरे ठिपके ब्रशने भरा. मात्र निगेटिव्हमध्ये जे नाही ते आणायचं नाही, जे आहे ते रंगाने पुसायचं नाही. फोटोच्या पाठीवर तशी सही करायची, आणि मागितल्यास निगेटिव्ह दाखवायची.

माझा फोटो होता चैत्रातला. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासेमारीचा मचवा समुद्रात निघालाय, सुकाणूवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, उभा. हा तांडेल माझ्या वडिलांचा दोस्त, मी त्याला चाचा म्हणायचो. मचवा झकास आला होता, पण वर आभाळ म्हणजे नुसती धुतलेली चादर.

आधी मी सरळ मार्गाने गेलो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. छापताना पुठ्ठ्याने कागदावरचा समुद्र झाकला आणि आभाळाला चौपट वेळ प्रकाश दिला. निगेटिव्हमध्ये होतं तेवढं सगळं वर आलं: दोन विरळ, पिंजलेल्या रेषा. खरं चैत्राचं आभाळ. नियमात बसणारं, आणि माझ्या मते अगदी मिळमिळीत.

मग मी डबा उघडला.

नव्या कागदावर आभाळाची जागा झाकून मचवा छापला. निगेटिव्ह बदलली, मचवा झाकला, आणि त्याच कागदावर काळाकभिन्न ढग उतरवला. सांधा क्षितिजावर असा लपला की मीच मला शाबासकी दिली. पाठीवर, निगेटिव्हबाहेरचं यात काही नाही, अशी सहीही ठोकली. प्रामाणिक फोटो खणात पालथा ठेवला. त्याचं तोंड बघवेना.

ढगाला, म्हणजे मला, पहिला नंबर मिळाला. मास्तर म्हणाले, "काय नाट्य आहे हो आभाळात!"

प्रदर्शनाला चाचा इस्त्रीचा सदरा घालून आला. सोबत मचव्याचे मालक, सावकाश बोलणारे गृहस्थ. पुढच्या हंगामात नवा मोठा मचवा चाचाच्या हाती द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. चाचाने हौसेने बोट दाखवलं, "ह्यो बगा, शेट, मी!"

शेटनी फोटो पाहिला. मग फोटोतलं आभाळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा ढग आषाढातला," ते म्हणाले.

किनाऱ्यावरच्या माणसाला ढगाचा महिना कळतो, हे मी कसं विसरलो? आषाढात मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेले असतात. नारळी पौर्णिमेआधी कोणी समुद्रात जात नाही.

"बंदी असताना माझा मचवा बाहेर काढलास? चार खलाशी घालून? मला न विचारता?"

"अल्लाची शपत, शेट, मी न्हाय गेलो कदी!"

"मग हे काय? फोटो खोटं बोलतो होय?"

चाचा फोटोकडे बघत राहिला. सदरा त्याचाच, हात त्याचे, मचवाही तोच. आपण कधी गेलो ते त्याला आठवेना. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो! रागाने पाहिलं असतं तर मी कदाचित गप्पही राहिलो असतो. तो विचारत होता, जणू त्या सफरीची तारीख माझ्याकडे लिहून ठेवलेली असेल.

"तू सांग रे, बाळा. कदी काडलास ह्यो?"

"नवा मचवा दुसऱ्याला देतो," म्हणत शेट वळले.

मास्तर जवळच उभे होते, हातात भिंग, कानावर पेन्सिल. नियमांचा कागद त्यांच्या डोक्यामागे टांगलेला. काहीतरी डौलदार, नम्र, स्वतःला जरा सावरून घेणारं बोलावं असा माझा बेत होता. तोंडातून भर हॉलमध्ये किंचाळी निघाली ती अशी:

"शेट, मचवा चैत्रातला आहे! ढग माझ्या डब्यातला!"