चौथ्यांदा विचारलेला प्रश्न

खोटं बोलणाऱ्या माणसाने केलेली आरती देवीपर्यंत पोचते का, हा प्रश्न मला वर्षभर सतावत होता. मी खोटं बोलत होतो, आणि तेही देवळात बसून. आता हे लिहायला घेतलं आहे तर आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होतो. निवृत्त झाल्यावर एडवणला वाडीत येऊन राहिलो. चिकूची चाळीस झाडं, सून, आणि शुक्रवारचं देवीच्या देवळातलं भजन, एवढाच माझा संसार. मुलगा गेल्यावर नातवाला मीच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला, तोही माझ्या हट्टापायी. तिथे वृद्धाश्रमात काम करत शिकायचं, असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. काही आठवडे शाळा आणि काही आठवडे काम.

माझ्या कानात यंत्र आहे. समोर बसून कोणी बोललं तर ऐकू येतं, पण फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी मारतं आणि पलीकडचा एक शब्द कळत नाही. मोबाईलवरची बारीक अक्षरंही दिसत नाहीत. म्हणून जाताना तो म्हणाला, "आजोबा, मी तुम्हाला पत्र लिहीन." दर महिन्याला एक, आणि ते पोचायला दोन-तीन आठवडे. बारीक चौकटींचा कागद, निळं बॉलपेन, मोठं अक्षर. तो इंग्रजी शाळेत शिकला, त्यामुळे मराठी साधीच. लहान लहान वाक्यं.

"मी पावणेपाचला उठतो. बाहेर काळोख असतो. पाच वीसची बस चुकली तर पुढची एक तासाने आहे, म्हणून मी धावतो. सहाला काम सुरू होतं. मी म्हाताऱ्या माणसांना उठवतो, अंघोळ घालतो, कपडे बदलतो. एका आजींना मी भरवतो. त्या रोज मला विचारतात, तू कोण? मी रोज सांगतो. रविवारी सगळी दुकानं बंद असतात. शनिवारी दूध आणायचं विसरलं तर सोमवारपर्यंत काळा चहा. रविवारी रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. माझ्या शेजारणीने मला एकदा रागावून सांगितलं."

असं असायचं पत्र. आणि मी काय करायचो? भजन संपून प्रसाद वाटला की मृदंग वाजवणारा हरी विचारायचा, "आबा, पोराचं पत्र आलं की नाय?" मी चष्मा लावायचो, कागद उलगडायचो आणि वाचल्यासारखं करायचो. "मोठ्या हॉस्पिटलात अधिकारी आहे. हाताखाली माणसं आहेत. न्यायला गाडी येते." म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो हे मला तोंडातून काढवेना. ज्याला मी कारखान्यातल्या साहेबांची उदाहरणं देऊन शिकवलं, तो परक्यांची मळलेली अंथरुणं बदलतो! मला लाज वाटायची. आणि लोक माना डोलवायचे तेव्हा छाती फुगायचीही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला म्हातारपणी कळलं.

याहूनही वाईट गोष्ट पुढे आहे. तीन पत्रांच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारला होता. मी तो घरी एकट्याने वाचला, आणि उत्तरात चिकूला बहर किती आला, सुनेचा गुडघा कसा आहे, अभ्यास नीट कर, एवढंच लिहिलं. प्रश्नाला हात लावला नाही. वाटलं, पोर आहे, विसरेल.

पालघरला माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, आणि आठवडाभर वाचायचं नाही अशी ताकीद. दुसरा डोळा आधीच अधू. नेमकं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, पत्र आलं. ते न उघडता सदऱ्याच्या खिशात घालून मी सुनेचा हात धरून देवळात गेलो; एरवी ती भजनाला येत नसे. पाकिटाचं टोक खिशातून डोकावत होतं, ते हरीने पाहिलं.

"आबा, पत्र आलंय ना? मंग वाचा की."

"डोळा बरा होऊ दे," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. मनोरकडून नवस फेडायला आलेली, आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीची नाही. सौम्यपणे म्हणाली, "आणा बाबा, मी वाचते."

मी नाही म्हणू शकलो असतो. खासगी आहे म्हटलं असतं तर कोणी जबरदस्ती केली नसती. ते शब्द ओठांवर होतेही. पण मी देवीकडे पाहिलं आणि माझा हात खिशाकडे गेला. तो का गेला, हे मला आजही सांगता येत नाही. पाकीट मी स्वतःच तिच्या हातात दिलं.

ती माझ्याजवळ बसून मोठ्याने, सावकाश वाचू लागली. पहाटेची बस. अंघोळ. अंथरुणं. एक आजोबा वारले, त्यांना शेवटची अंघोळ त्याने घातली, कारण त्यांचं कोणी वेळेवर पोचलं नाही. माझे कान तापले. हरी खाली मान घालून मृदंगाची दोरी चाचपत होता. मग ती शेवटाला आली. "आजोबा, मी हे चौथ्यांदा विचारतो. इथे मला खूप एकटं वाटतं. आईला सांगत नाही, ती रडेल. मला जमलं नाही आणि मी परत आलो, तर तुम्हाला माझी लाज वाटेल का?"

बाई थांबली. मला जमीन दुभंगावी असं झालं. माझं खोटं उघडं पडलं याचं काहीच वाटलं नाही, खरं सांगतो. पोर चार महिने दारात उभं राहून विचारत होतं आणि मी आत बसून चिकूच्या गोष्टी सांगत होतो, हे एकदम दिसलं.

भजनाला येणारी म्हातारी जनामावशी म्हणाली, "माज्या घरवाल्याला आजारपणात न्हाऊ घालाया माज्याशिवाय कोण नव्हतं, आबा. तुमचा पोर हे काम करतो, नि तुमी आमाला सांगत नाय?"

मी सगळ्यांसमोर हात जोडले. "मी खोटं वाचत होतो," एवढंच बोलता आलं. मग सुनेला फोन लावायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू येणार नाही." मी म्हटलं, "त्याला येईल."

यंत्राची शिट्टी वाजत होती. मी बोलत राहिलो. "तुझी नाही रे, मला माझीच लाज वाटते. उद्या आलास तरी घर तुझंच आहे. आणि तू करतोस ते काम मला आयुष्यात जमलं नसतं." तो काय म्हणाला, मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तराची खात्री न करता काही बोललो असेन. सुनेने फोन घेतला, थोडं ऐकलं आणि डोळे पुसत सांगितलं, "पत्र लिहितो म्हणाला."

त्या बाईचे आभार मानायला वळलो तर ती बसला गेली होती. नावही विचारायचं राहिलं. तिला देवीने पाठवलं की ती आपली आपण आली, यावर मी वाद घालत नाही. मी रोज दोघींना नमस्कार करतो. सांभाळून ठेवलेला मोठेपणा मी काही आपणहून सोडला नसता. तो काढून घ्यावा लागला, आणि घेणारीचा हात हळुवार होता.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. डोळा बरा झाला होता, म्हणून देवळात मीच वाचलं, शब्द न बदलता. अभ्यासक्रम पूर्ण करूनच येईन, असं त्याने लिहिलं होतं. "आता रात्री झोप लागते," असंही. त्याखाली एकच ओळ होती, ती वाचताना माझा आवाज गेला आणि हरीने कागद घेऊन ती पुरी केली.

"आजोबा, मी इथे सगळ्यांची नखं कापतो. तुमची कोण कापतं?"