सहा मुके आणि एक हत्ती

काकूंनी तीस वर्षं दुसऱ्यांचे नमुने बघून क्रोशाकाम केलं. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा हत्ती रचला आणि विणकामाच्या एका इंग्रजी मासिकाने तो चक्क स्वीकारला. तेव्हापासून त्या दूधवाल्यालाही "हत्ती छापून येतोय बरं का" असं सांगत सुटल्या होत्या.

अडचण एवढीच होती की काकू टाक्यांची नावं अमेरिकन पद्धतीने लिहीत आणि मासिक ब्रिटिश पद्धतीने छापत असे. टाके तेच, पण नावं एकेक पायरी सरकलेली. अमेरिकेतला सिंगल क्रोशे तो ब्रिटिशांचा डबल, तिकडचा डबल तो इकडचा ट्रेबल आणि तिकडचा ट्रेबल तो इकडचा डबल ट्रेबल. त्यातून डबल हा शब्द दोघांकडे आहे, म्हणजे नुसता बघून तो कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"त्यात काय, कॉम्प्युटर एका दमात बदलतो," असं म्हणून काका पुढे सरसावले. काका निवृत्त हेडक्लार्क, आणि निवृत्त हेडक्लार्कला कुणी अडवू नये. त्यांनी आधी सगळे सिंगल डबल केले. मग सगळे डबल ट्रेबल केले, त्यात नुकतेच डबल झालेलेही आले. मग सगळे ट्रेबल डबल ट्रेबल केले. जुन्याच फाइलवर सेव्ह करून त्यांनी ती पाठवूनही दिली आणि वर चहा मागितला.

आठवड्याने सकाळी अकराला मासिकाच्या मराठी संपादिकाबाईंकडून हत्तीचा फोटो आला. नमुना तपासणाऱ्या बाईने लिहिलंय तसं इमानदारीत विणलं होतं. जवळजवळ प्रत्येक टाका चौपट उंच झाला होता. सोंड टेबलावरून खाली लोंबत होती, अंगात बोट जाईल एवढी भोकं होती आणि त्यांतून कापूस बाहेर आला होता. खाली लिहिलं होतं, 'पाच वाजता अंक छपाईला जातो. तोवर दुरुस्त झाला नाही तर त्या जागी मोजे घ्यावे लागतील.'

काकूंना आधी हसू आलं, मग त्यांनी घड्याळ पाहिलं. तीस वर्षांनी आलेली संधी मोजे घेऊन जाणार होते. आणि मूळ फाइल तर गेलेली, सगळीकडे एकच टाका. त्यातला कुठला मुळात कोण होता, कसं कळणार?

"हत्ती आणा," त्या काकांना म्हणाल्या.

त्यांनी आपला विणलेला हत्ती मांडीवर घेतला आणि फेरी फेरी बोटाने वाचायला लागल्या. आणि वाचताना तोंडात आले ते आईचे शब्द. बुटका टाका तो मुका खांब, मधला तो नुसता खांब, सगळ्यांत मोठा तो उंच खांब.

"मुक्यापुढे खांब लिहू नका, नुसतं मुका लिहा," त्या टाइप करायला बसलेल्या काकांना म्हणाल्या. "उंचचंही तसंच. नाहीतर बदलताना परत खांबात खांब अडकेल."

"पहिल्या फेरीत किती?"

"सहा मुके."

काकांची बोटं थांबली. "भरदिवसा?"

"टाइप करा मुकाट्याने. दुसऱ्या फेरीत बारा."

"बारा," काका खुशीत म्हणाले. "तिसरीत अठरा असणार, वाटलंच मला."

पाठीवर पोचेपर्यंत दोघांचीही हसून मुरकुंडी वळली होती, आणि काकूंना दोनदा फेरी पुन्हा मोजावी लागली. कानांच्या कडेला खांब निघाले, शेपटीच्या झुपक्यात तेवढे उंच. मग काकूंनी स्वतः माउस घेतला. मुका तिथे डबल, खांब तिथे ट्रेबल, उंच तिथे डबल ट्रेबल. आईच्या शब्दांशी कुणाचाच शब्द जुळत नव्हता, त्यामुळे आधी कुठला बदलला तरी गोंधळ होण्याची सोयच नव्हती. पाचला दहा कमी असताना फाइल गेली.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"हत्ती बसला हो काकू," संपादिकाबाई म्हणाल्या. "फक्त सोंडेच्या टोकाला 'सहा मुकं' असं काहीतरी मराठीत राहिलंय. हा टाका आहे की सूचना?"

काकांनी तिथे 'मुका'ऐवजी 'मुकं' टाइप केलं होतं आणि ते कॉम्प्युटरच्या हाती लागलं नव्हतं. काकूंचे कान लाल झाले. "डबल करा हो ते, तुमचं डबल. माझी आई मुका खांब म्हणायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण टाका कधी चुकला नाही तिचा."

"थांबा, लिहून घेते," पलीकडून आवाज आला. मग बाईंनी बाकीचे दोन शब्दही विचारून घेतले.

अंक आला तेव्हा काकूंनी आधी हत्ती पाहिला, मग आपलं नाव पाहिलं. शेवटच्या पानावर नेहमीचा टाक्यांचा तक्ता होता, एक रकाना ब्रिटिश, एक अमेरिकन. या वेळी तिसराही होता. मुका, खांब, उंच. आणि वर, जिथे बाकी दोघांनी आपापला देश लिहिला होता, तिथे लिहिलं होतं: आई. काकूंनी तो रकाना काकांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतला, पण पहिल्याच शब्दाला त्यांना रडू फुटलं.