रेडकाच्या उंचीवर

आमच्या गोठ्यात म्हशी छत्तीस आणि नाक एकच. ते मामींचं.

मामी म्हणजे यांच्या मामांची बायको. मामा गेल्यावर त्या दोन दिवस राहायला म्हणून आल्या, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पहिल्याच सकाळी त्या रेडकांच्या खोलीत शिरल्या, हवा हुंगली आणि म्हणाल्या, "कोपऱ्यातल्याच्या खाली ओलं आहे." पेंढा उचकटला तर खरंच ओला निघाला. तेव्हापासून रेडकं मामींची. घरच्यांपासून धारा काढणाऱ्या काकांपर्यंत सगळे त्यांना मामीच म्हणतात. म्हशींना बोलता आलं असतं तर त्यांनीही तेच म्हटलं असतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला या बाईचा राग यायचा. भाजी करपण्याआधी त्यांना कळायचं, ओला टॉवेल दाराआड टाकला तर जाता जाता सांगायच्या. गोठ्यात तर विचारूच नका. थंडीत पेंढा वीतभर जाड हवा, बसलेल्या रेडकाचे पाय त्यात दिसेनासे झाले पाहिजेत. ओला भाग रोज काढायचा, वर नवा पसरायचा. पाठीवर गोणपाट बांधायचं, पण पोटाखालून दोन बोटं जातील इतकं सैल. ऊन आलं की गोणपाट काढून वाळत घालायचं आणि रेडकांना उन्हात बांधायचं. "ओलं गोणपाट घालण्यापेक्षा उघडं राहिलेलं बरं," असं त्या म्हणायच्या. "रेडकाच्या अंगावर ना चरबी, ना दाट केस. त्याला थंडी आपल्यापेक्षा आधी लागते." बारा वर्षं हे ऐकून माझे कान किटले होते. आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

यंदा थंडीने कहर केला. सलग तीन सकाळी हौदातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला, आणि रेडिओवर सांगत होते की अजून चार दिवस असंच राहणार. खोलीत नऊ रेडकं होती. सगळ्यांत लहान पारडी बारा दिवसांची. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव टिकली. तिची आई पहिलटकर, आणि स्वभावाने महाहट्टी. टिकलीने आधी चार चोखे घेतले, मग शेजारी उभी राहिली, तरच ती पान्हा सोडायची. ही पारडी गेली की ती म्हैसही आटणार, हे गोठ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मामींनी यांना सांगून खोली बंद करून घेतली. आधी गार वारा येतो त्या बाजूला खालून कंबरेपर्यंत ताडपत्री लावली. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या वरच्या अंगाला जाळीचा पट्टा आहे, तिथेही प्लास्टिक ठोकलं. मला नवल वाटलं. वरची जाळी मामींनी आजवर कधी कुणाला बंद करू दिली नव्हती. पण मी कोण विचारणार? मामींना गोठ्यातलं शिकवायला जाणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

त्या संध्याकाळी मी दुधाची दुसरी बाटली घेऊन आत गेले आणि दारातच थबकले. मुताचा उग्र दर्प नाकात भसकन शिरला, डोळ्यांत पाणी आलं. मामी खाली बसून टिकलीला बाटली पाजत होत्या. थंडीत दोन वेळच्या चोखण्यावर भागत नाही, म्हणून दुपारी आणि संध्याकाळी वरचं दूध, तेही म्हशीच्या अंगाइतकं ऊन. मामींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, मामींना येत असेलच की वास, काहीतरी विचार केला असेल त्यांनी. आणि बाटली ठेवून परत आले.

ही माझी चूक. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं. नेमकं त्या दिवशी राहिलं.

तिसऱ्या सकाळी गोणपाटं ओली निघाली. मामी एकेक हातात घेऊन पिळून बघत होत्या. पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब टपकत होते. "दव आत येतंय," त्या म्हणाल्या आणि यांच्याकडून प्लास्टिकच्या उरल्यासुरल्या फटीही बुजवून घेतल्या. बाहेर धुकं असल्यामुळे गोणपाटं धड वाळली नाहीत. संध्याकाळी त्यांनी दोन-दोन जोडून दुहेरी बांधली. मला पुन्हा नवल वाटलं, आणि मी पुन्हा गप्प बसले.

चौथ्या दिवशी सकाळी धारा काढणारे काका बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. बादलीचा तळ जेमतेम झाकला होता. "टिकली उठत नाही," ते म्हणाले. "आई नुसती खोलीकडे बघून हंबरते. पान्हा सोडत नाही."

मी तशीच धावले. टिकली मान टाकून बसली होती. कान खाली लोंबलेले, नाकातून शेंबूड, बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. मध्येच ती खोकली, आणि मागोमाग आणखी दोन रेडकं खोकली. मामी तिच्याजवळ बसून तिच्या तोंडात बोट घालून बघत होत्या. रेडकू बोट चोखत असलं तरच दूध द्यायचं, नाहीतर ते छातीत जातं. टिकलीने बोट चोखलं, पण नावापुरतं.

"हिला थंडी बाधली," मामी म्हणाल्या. "अजून कुठून तरी वारा येतोय. सूनबाई, दार लाव. लवकर लाव!"

दार लावलं तर मी स्वतः तिथे उभी राहू शकले नसते. डोळे चुरचुरत होते, घसा धरला होता. "मामी," मी म्हटलं, "इथे किती दर्प सुटलाय! दार कसलं लावता?"

मामींनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "किती येतोय?"

मला आधी समजलंच नाही. आणि मग एकदम सगळं समजलं. गेल्या महिन्यात शेगडीवरचं दूध करपून काळं झालं होतं आणि मामी शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. मी तेव्हा हसले होते, मामींचं वय झालं म्हणून.

"तुम्हाला येत नाही?"

"पावसाळ्यात तो ताप आला ना, तेव्हापासून नाही. कशाचाच नाही." त्यांनी टिकलीची मान मांडीवर घेतली. "तुला कधीपासून येतोय?"

"दोन दिवस. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"आणि तुम्ही?"

आमचं भांडण तिथेच संपलं, कारण टिकली पुन्हा खोकली. मी बाहेर धावले आणि यांना म्हटलं, "अहो, वरचं प्लास्टिक आधी काढा, मग डॉक्टरांना फोन करा." हे शिडी आणायला गेले. वरचा पट्टा फाडला तशी कोंडलेली वाफ बाहेर पडली. खालची ताडपत्री तशीच ठेवली, रेडकांच्या अंगावर वारा येऊ नये म्हणून. काकांनी आणि मी सगळा ओला पेंढा उपसला. वरून तो कोरडाच दिसत होता, खाली नुसता चिखल. मामींनी घरातली कोरडी पोती मागवली, टिकलीचं अंग चोळून कोरडं केलं, तिला नव्या पेंढ्यात बसवलं आणि एकच कोरडं पोतं सैल बांधलं.

हे सगळं करताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला कारण माहीत होतं. दिवाणखान्यात आठवड्यापूर्वीच हे म्हणाले होते, "मामी, तू आता लेकीकडे जाऊन राहा. उबेत राहा. इथलं आम्ही बघू." प्रेमानेच म्हणाले होते. मामी त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. नाक गेलं हे कळलं असतं तर यांनी त्याच आठवड्यात त्यांची बॅग भरली असती. टिकली जगेल की नाही या धास्तीच्या आत मामींची ही दुसरी धास्ती बसली होती.

डॉक्टर आले तेव्हा दहा वाजले होते. थर्मामीटर लावला, एकशे पाच ताप. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "फुप्फुसं धरलीत. थंडीपेक्षा कोंदट हवेने जास्त. खाली मूत साचलं, वर हवा कोंडली, पत्र्याचं पाणी अंगावर." इंजेक्शन दिलं. "दूध थोडं थोडं द्या, चार-पाच वेळा, अंगाइतकं ऊन. कोरडं ठेवा. उद्यापर्यंत ताप उतरला तर वाचेल."

तो दिवस कसा गेला सांगता येत नाही. दर दोन तासांनी मामी तिला बोट द्यायच्या, मग पेलाभर दूध. दुपारी धुकं फाटलं तेव्हा आम्ही तिला उचलून उन्हात आणलं, आईच्या दृष्टीसमोर. आईने तिला चाटून चाटून ओलं केलं, मग आम्ही पुन्हा पुसलं. मी स्वतःवरच इतकी चिडले होते की पुसताना टिकलीलाच दोनदा रागावले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा टिकली उभी होती. पाय लटपटत होते, पण मामींचं बोट तिने असं ओढलं की मामी "अगं, बोट आहे ते!" म्हणून ओरडल्या. ताप एकशे दोनवर उतरला होता, रेडकाच्या मानाने जवळजवळ नाहीच. मला तिथेच रडू फुटलं, आणि लपवायचं मी मनातही आणलं नाही. बाहेर काका टिकलीच्या आईच्या पायाशी बादली घेऊन, ती चोखायला येण्याची वाट बघत केव्हाचे बसले होते.

हे डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या मामींनी वेळेत ओळखलं म्हणून. मामींच्या नाकाला तोड नाही."

डॉक्टर हसले. मी खाली बघितलं. इथे मामी गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं, कुणालाच कळलं नसतं.

"नाही रे," मामी म्हणाल्या. "मला वास येतच नाही. पावसाळ्यापासून. वरची जाळी मी बंद करायला लावली, आणि हिला आजारी मीच पाडलं. वास सूनबाईला आला."

हे मामींकडे बघत राहिले. आता हे लेकीचं नाव काढणार, असंच मला वाटलं.

"मग आता?" यांनी विचारलं.

"आता गुडघे आहेत." मामी टिकलीशेजारी पेंढ्यावर गुडघे टेकून बसल्या, सगळा भार देऊन. "असं बसायचं आणि वीस मोजायचे. कापड ओलं झालं की पेंढा ओला. आणि तोंड खाली न्यायचं, रेडकू श्वास घेतं तिथे. वास नाही आला तरी डोळे चुरचुरतात. माझे त्या दिवशी चुरचुरत होते. मला वाटलं, रडू येतंय."

हे पुढे आले. मग बाजारात जायला चढवलेल्या कडक इस्त्रीच्या पँटसकट दुसऱ्या रेडकाजवळ गुडघे टेकून बसले. ओठांनी वीस मोजले. उठले.

"कोरडं आहे, मामी."

"नीट बघ," मामी म्हणाल्या.

यांनी वाकून बघितलं. डाव्या गुडघ्यावर बशीएवढा ओला डाग होता.

"पेंढा आण," मामी म्हणाल्या. "आणि वाळलेला आण, वरचा नको, तो धुक्याने सर्दला असेल."

हे पेंढा आणायला गेले.